‘निर्णय घेण्यात आला आहे’, पण कुणी घेतला?

१७ जुलै २०१४. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइलचा धंदा विकत घेऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी डिव्हाइसेस विभागाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांची मेल हजारो कर्मचाऱ्यांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडली. सुरुवात होती, ‘हॅलो देअर’. पुढे कंपनीची दिशा काय, कोणते फोन कुठे बनणार, कोणती टीम कुणाबरोबर काम करणार, असं बरंच काही होतं. वाचणारा स्क्रोल करत राहतो आणि जवळपास दहा परिच्छेद उलटल्यावर त्याला कळतं की पुढच्या वर्षभरात साधारण १२,५०० जणांची नोकरी जाणार आहे.

कॉर्पोरेट कम्युनिकेशनच्या वर्गात वाईट बातमी कशी सांगू नये, याचं हे ठरलेलं उदाहरण आहे. मेलची भाषा उद्धट नव्हती, उलट चांगली मोकळीढाकळी होती. पण ज्याचं घर त्या पगारावर चालतं, त्याला आधी एकच गोष्ट हवी असते: माझं काय होणार? तिच्यासाठी त्याला हजारभर शब्द थांबवून ठेवलं, की वरचा प्रत्येक शब्द त्याला बनाव वाटायला लागतो.

मग आकडा पहिल्याच वाक्यात सांगितला की झालं? तसंही नाही. १ डिसेंबर २०२१ ला अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉम या गृहकर्ज कंपनीचे सीईओ विशाल गर्ग यांनी झूम कॉलवर साधारण ९०० जणांना एका झटक्यात कामावरून काढलं. तीनेक मिनिटांचा कॉल. तुम्ही या कॉलवर असाल तर तुम्ही त्या दुर्दैवी ग्रुपमध्ये आहात आणि तुमची नोकरी आत्तापासून संपली, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्याहून स्पष्ट काय असणार! पण त्याच कॉलमध्ये त्यांनी हेही सांगितलं की असं करायची ही करिअरमधली दुसरी वेळ आहे आणि मागच्या वेळी आपण रडलो होतो. ज्याची नोकरी आत्ता गेली, त्याने बॉसच्या जुन्या अश्रूंचं काय करायचं? कॉलचा व्हिडिओ जगभर फिरला आणि काही दिवसांत गर्ग यांना माफी मागावी लागली.

म्हणजे ‘स्पष्ट’ वेगळं आणि ‘मनापासून’ वेगळं. दोन्ही कसं जमवायचं, याचा सराव सध्या आमच्या वर्गात चालू आहे. शिकवणाऱ्या मॅडमनी बरीच वर्षं कंपन्यांमध्ये सीईओंची भाषणं लिहिली आहेत. त्यांनी एक काल्पनिक केस दिली. कंपनी ६०० जणांची, ऑफिसं पुण्यात आणि नाशिकमध्ये, त्यातलं नाशिकचं बंद होणार. सीईओ टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर, हे सांगणार. त्यांच्यासाठी तयार झालेला पहिला ड्राफ्ट असा:

‘नमस्कार मंडळी! आपण सगळे एक कुटुंब आहोत. गेल्या काही तिमाहींत जागतिक बाजारपेठेत अनेक आव्हानं निर्माण झाली आहेत. या पार्श्वभूमीवर कामकाजाचं सुसूत्रीकरण करण्याचा धोरणात्मक निर्णय घेण्यात आला आहे. त्यानुसार नाशिक येथील कामकाजाचं पुण्यात एकत्रीकरण करण्यात येईल. याचा काही सहकाऱ्यांवर परिणाम होण्याची शक्यता आहे. हा निर्णय माझ्यासाठी अत्यंत वेदनादायी होता. पण प्रत्येक बदल ही एक संधी असते!’

हे एकदा मोठ्याने वाचून बघा. नाशिकचं ऑफिस बंद होतंय, हे यात कुठेच नाही. ‘एकत्रीकरण’ आहे. नोकरी जाणार, हेही नाही. ‘परिणाम होण्याची शक्यता’ आहे, जणू पावसाचा अंदाज. आणि सगळ्यात मोठी पळवाट आहे क्रियापदात. ‘घेण्यात आला’, ‘करण्यात येईल’. आपल्या मराठीत ही सोय फार छान आहे. सरकारी परिपत्रकांपासून कॉलेजच्या नोटीस बोर्डापर्यंत सगळं आपोआपच ‘करण्यात येतं’, करणारा माणूस कुठे दिसतच नाही. त्यामुळे मॅडमनी पेन घेऊन सगळ्यात आधी सगळे ‘ण्यात’ गोल करायला लावले. प्रत्येक ठिकाणी विचारायचं: कुणी? उत्तर ‘मी’ असेल तर ‘मी’ लिहायचं.

आमचा पहिला प्रयत्न मात्र शब्दांवरच अडला, कारण ड्राफ्टमध्ये लिहायला माहितीच नव्हती. खरी मेहनत इथे असते, असं मॅडमचं म्हणणं. लिहिणाऱ्याने आधी एचआर, फायनान्स आणि लीगलकडे जाऊन आकडे आणायचे: किती जण, कोणती तारीख, किती पगार, इन्शुरन्स कधीपर्यंत. हे ठरलेलंच नसेल, तर टाउन हॉल दोन दिवस पुढे ढकला म्हणून सांगायचं. मनापासून वाटायला लावणारा शब्द डिक्शनरीत सापडत नाही, तो असल्या तपशिलात असतो. केससाठी त्यांनी आम्हाला आकडे दिले आणि दुसरा ड्राफ्ट असा झाला:

‘नमस्कार. आज मी वाईट बातमी सांगायला उभा आहे. नाशिकचं ऑफिस आपण ३० सप्टेंबरला बंद करतोय. तिथे आपले ८४ सहकारी आहेत. त्यातल्या ५० जणांना पुण्यात काम देता येतंय. ३४ जणांची नोकरी जाणार आहे.

हा निर्णय मी घेतलाय. मार्चमध्ये आपला सगळ्यात मोठा क्लायंट गेला आणि नाशिकचं बहुतेक काम त्याचंच होतं. तीन महिने आम्ही दुसरं काम शोधलं, पुरेसं मिळालं नाही. एकाच क्लायंटच्या भरवशावर गेल्या वर्षी नाशिकमध्ये भरती वाढवायला मीच होकार दिला होता. तो अंदाज चुकला. ३४ जणांनी काम वाईट केलं म्हणून हे झालेलं नाही. मला माफ करा.

नाशिकच्या प्रत्येकाला आज संध्याकाळी पाचच्या आत मॅनेजरचा फोन येईल आणि आपलं नाव कोणत्या यादीत आहे ते कळेल. ज्यांची नोकरी जातेय, त्यांना ३० सप्टेंबरपर्यंतचा पगार आणि त्यावर आणखी चार महिन्यांचा पगार मिळेल. मेडिकल इन्शुरन्स ३१ मार्चपर्यंत चालू राहील. लॅपटॉप परत करायचा नाही. जे पुण्याला येतील, त्यांना सामान हलवायचा खर्च आणि दोन महिन्यांचं घरभाडं कंपनी देईल. यायचं की नाही, हे १५ ऑगस्टपर्यंत सांगा. नाही म्हणालात, तर तुम्हालाही तेच चार महिने मिळतील.’

यातलं बरंच आम्ही एअरबीएनबीचे सीईओ ब्रायन चेस्की यांच्या ५ मे २०२० च्या पत्रावरून शिकलो. कोविडमुळे प्रवास ठप्प झाला होता आणि त्या वर्षी कंपनीची कमाई २०१९ च्या निम्म्याहूनही कमी होईल असा अंदाज होता. ७,५०० पैकी जवळपास १,९०० जण जाणार, हे त्यांनी लवकरच सांगून टाकलं. मग निवड कशी केली ते, अमेरिकेत किमान १४ आठवड्यांचा पगार, वर्षभराचा आरोग्य विमा आणि लॅपटॉप स्वतःकडे ठेवायची मुभा. पत्रात प्रेमाचीही भाषा भरपूर आहे. मला ती जरा जास्त वाटते, पण १४ आठवडे आणि विमा सांगून झाल्यावर ती खपून जाते. इलॉप यांच्या मेलमध्ये तीच वाक्यं घातली असती, तर लोक आणखी भडकले असते.

दुसरा ड्राफ्ट ऐकायला मिनिटभरच लागतो. तो मुद्दाम तेवढा ठेवलाय. ‘३४ जणांची नोकरी जाणार’ हे ऐकल्यावर समोरच्याच्या कानात पुढचं नीट शिरत नाही, म्हणून तिथे सीईओने चार-पाच सेकंद गप्प राहायचं. आणि पगाराचे, तारखांचे आकडे टाउन हॉल संपताक्षणी मेलवर लेखी द्यायचे. दुसऱ्या टीमच्या एखाद्याला बसवून ड्राफ्ट एकदाच वाचून दाखवायचा आणि विचारायचं: काय होतंय, कुणाचं, कधी, आणि उद्या सकाळी मी काय करू? कुठे तो अडखळला, तर वाक्य आपलं चुकलंय. आमच्या वर्गात ‘कोणत्या यादीत’पाशी तिघं अडखळली. कॉल आला नाही तर कुणाला विचारायचं, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. मग एचआरचा एक नंबर आला.

ड्राफ्ट वर गेल्यावर तो परत येतो, हेही मॅडमनी सांगून ठेवलंय. लीगल म्हणतं, ‘चुकला’ काढा. कधीकधी त्यांचं बरोबर असतं, कारण कोर्टात ते वाक्य वाचून दाखवलं जाऊ शकतं. तेव्हा माफी सोडायची नाही, ‘मी एका क्लायंटवर जास्त अवलंबून राहिलो’ एवढी घटना सांगायची. सीईओ म्हणतात, ‘कुटुंब’ परत घाला. तिथे मात्र भांडायचं. घरातल्या माणसाला कुणी ३० सप्टेंबरची तारीख देत नाही. आणि चार महिन्यांचा पगार ऐन वेळी एक महिना झाला, तर लिहिणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. तसा ड्राफ्ट कितीही घासला तरी खोटाच वाटणार.

खरी परीक्षा भाषण संपल्यावर असते, प्रश्न येतात तेव्हा. २०२३ मध्ये मिलरनॉल या अमेरिकन फर्निचर कंपनीच्या सीईओ अँडी ओवेन यांचा व्हिडिओ व्हायरल झाला तो तिथेच. बोनस मिळणार नसेल तर आम्ही उत्साह टिकवायचा कसा, असे प्रश्न कर्मचाऱ्यांकडून आले होते. त्यावर त्या वैतागून म्हणाल्या की कंपनीला हवे असलेले २ कोटी ६० लाख डॉलर कसे आणायचे ते बघा आणि ‘पिटी सिटी’तून, म्हणजे रडगाण्याच्या गावातून, बाहेर पडा. नंतर त्यांनीही माफी मागितली.

म्हणून सीईओला टोचतील असे प्रश्न लिहिणाऱ्यानेच आधी काढायचे आणि बंद खोलीत त्यांना विचारायचे. आमच्या यादीत पहिला होता: ‘तुमचा पगार कमी होणार का?’ याचं उत्तर लिहिणारा देऊ शकत नाही, ते सीईओंनी आधी स्वतः ठरवायला लागतं. दुसरा प्रश्न: ‘पुढचा नंबर पुण्याचा का?’ इथे ‘अजिबात नाही’ म्हणायचा मोह सगळ्यांनाच होतो. वर्गातही अर्ध्या जणांनी तेच लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडलं आणि आमच्याकडून हे लिहून घेतलं: ‘आज पुण्यातलं कुणाचंही नाव कोणत्याही यादीत नाही. डिसेंबरपर्यंतचं काम हातात आहे. त्यापुढचं मी आज सांगू शकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी इथेच उभा राहून सांगेन, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरीही.’