भार पेलणारी, तरीही खचणारी जमीन

फुटिंगखालची जमीन दोन वेगळ्या कारणांनी दगा देते. भार फार झाला, तर फुटिंगखालची माती घसरून बाजूला सरते, शेजारची जमीन वर उचलली जाते आणि इमारत एकाएकी कलते. याविरुद्ध माती किती तग धरेल, ते बेअरिंग कपॅसिटी सांगते. दुसऱ्या प्रकारात माती कुठेच फुटत नाही, फक्त दबत जाते. संपृक्त चिकणमातीवर भार आला की तो आधी तिच्या छिद्रांतले पाणी घेते. पाणी हळूहळू झिरपून निघते, भार कणांवर येतो, कण जवळ सरकतात आणि जमीन खचते. हेच कन्सॉलिडेशन.

एका स्तंभाखाली 2 मीटर × 2 मीटरचे फुटिंग आहे आणि भार 400 किलोन्यूटन आहे, असे धरू. मग दाब दर चौरस मीटरला 100 किलोन्यूटन होतो. खाली 4 मीटर जाडीची मध्यम घट्ट चिकणमाती आहे. तिचे कोहेजन 50. टेर्झागींच्या सूत्राने चौकोनी फुटिंगची अंतिम निव्वळ क्षमता 1.3 × 5.7 × 50, म्हणजे सुमारे 370 येते. तिला 3 या सुरक्षा गुणांकाने भागले की 123 मिळतात. दाब 100 असल्याने फुटिंग सुरक्षित ठरते. अनेक विद्यार्थी गणित इथेच थांबवतात.

खचण्याचा हिशेब मात्र अजून व्हायचा आहे. भार खोलीबरोबर पसरत जातो. पसरण्याचा 2:1 हा ढोबळ नियम घेतला, तर 1 मीटर खाली दाब 44 उरतो आणि 3 मीटर खाली 16. थराचे 2-2 मीटरचे दोन भाग करून प्रत्येकाची दाबवाढ, जाडी आणि मातीचा संकोचन गुणांक (इथे 0.0003) यांचा गुणाकार केला की उत्तर सुमारे 36 मिलिमीटर येते. काँक्रीटच्या सांगाड्यासाठी चिकणमातीवर भारतीय मानक 1904 मध्ये 75 मिलिमीटरची मर्यादा आहे. म्हणजे ही अडचणही टळली.

खरा धोका शेजारच्या स्तंभात आहे. तो 5 मीटरवर असून त्याचे फुटिंग मुरमावर टेकले असेल, तर ते जवळपास हलणारच नाही. दोघांतल्या खचण्याचा फरक अंतराच्या 0.0015 पट, म्हणजे 7.5 मिलिमीटरपर्यंतच चालतो. इथे तो 36 आहे. भिंतींत तिरक्या भेगा पडतात, दारे चौकटीत अडकू लागतात.

भेगा पडायला वर्षे लागतात, म्हणून त्यांचे कारण चटकन ओळखू येत नाही. थराखाली अभेद्य खडक असेल, तर पाणी फक्त वरूनच निघते. कन्सॉलिडेशनचा गुणांक वर्षाला 2 चौरस मीटर धरला, तर 90 टक्के खचणे पूर्ण व्हायला सुमारे 7 वर्षे लागतात. खाली वाळू असेल तर पाण्याची वाट निम्मी होते आणि काळ एकचतुर्थांशावर येतो.

फुटिंग रुंद केल्याने दाब वरच्या भागात चांगला घटतो, खोलवर कमी घटतो. सर्व फुटिंग त्याच मुरमापर्यंत नेणे, हा येथे अधिक खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी मुरूम प्रत्येक स्तंभाखाली किती खोल आहे, ते बोअरने आधी तपासावे लागते.