तळहातावरचा बहुरूपी

बहुरूपी दारात आला की आज पोलीस, उद्या फकीर. त्वचेच्या रोगांत असा एक बहुरूपी आहे, गरमी म्हणजे उपदंश. त्याच्या दुसऱ्या अवस्थेतले पुरळ गोवर, इसब, सोरायसिस, औषधाची रिॲक्शन अशी कोणतीही सोंगे घेते. मात्र तळहात आणि तळपाय या दोन जागी त्याचे सोंग बरेचदा उघडे पडते.

समजा, मोटारदुरुस्तीचे काम करणारा एक तरुण आहे. त्याच्या तळहातावर मसुराएवढे काळपट-तांबूस डाग उठले. रोज रॉकेलने हात धुतो, तेव्हा हे इसबच, असे त्याला वाटले आणि त्याने मलम लावले. आता मौज पाहा. तीन-चार आठवड्यांत डाग गेलेही! पण ते मलमाने गेले नव्हते. उपचार न करताही हे पुरळ आपोआप मावळते. रोग मात्र शरीरात राहतो आणि डाग पुन्हा उठू शकतात. या तरुणाला ते उठले.

या वेळी डॉक्टरांनी त्याला आधी बूट काढायला लावले. तळपायांवरही तसेच डाग! रॉकेल काही पायांना लागत नव्हते. डागांना खाज नव्हती. इसब तर खाजवून जीव नकोसा करते. शिवाय काही डागांच्या कडेने पातळ पापुद्र्याचे कडे होते. खाज नसणे हा मात्र पुरता पुरावा नव्हे, कारण काहींना खाज येतेही. डॉक्टरांनी मग खोदून विचारले, तेव्हा दोनअडीच महिन्यांपूर्वी गुप्तेंद्रियावर एक न दुखणारा व्रण येऊन बरा झाल्याचे त्याने सांगितले. दुखला नाही, म्हणून तो विसरला होता.

रक्ताची व्ही. डी. आर. एल. तपासणी झाली, आणि निकाल आला 'दोष नाही'! या अवस्थेत रक्तात प्रतिद्रव्ये कधी कधी इतकी असतात, की त्या गर्दीतच चाचणी फसते. डॉक्टरांनी रक्तद्रव पातळ करून पुन्हा तपासायला सांगितले. चौसष्टपट पातळ केल्यावरही चाचणी होकार देत होती. टी. पी. एच. ए. या दुसऱ्या चाचणीने खात्री झाली.

उपचार तसा साधा: बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, एकदाच, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे निम्मे. (पेनिसिलिन सोसत नाही त्यांना दुसरे औषध असते.) त्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला. तो घाबरला, पण मरणाऱ्या जंतूंमुळे पहिल्या दिवशी असे होते, आणि ताप उतरतो. सहा महिन्यांनी चाचणीचा आकडा चौसष्टावरून सोळावर आला, म्हणजे औषध लागू पडले.

बायकोच्या अंगावर एकही डाग नव्हता. तरी डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तिला बोलावून तिचे रक्त तपासले आणि निकालाची वाट न पाहता इंजेक्शन दिले. तिला दिवस गेले होते.