नाव आवडलं, पण ते आपलं आहे का?

ऑनलाइन दुकान बंद पडण्यामागे दर वेळी मालाचा दोष असतोच असं नाही. माल चांगला असतो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय चांगले असतात आणि एके सकाळी विक्रेत्याला ईमेल येतो: तुमच्या नावाबद्दल ट्रेडमार्कची तक्रार आली आहे, म्हणून उत्पादन विक्रीतून काढलं आहे. तोवर हजारभर लेबलं छापलेली असतात, पिशव्यांवर नाव असतं, इन्स्टाग्रामवर लोक त्याच नावानं ओळखत असतात. ही वेळ टाळायची तर शोध घ्यायला हवा तो नाव ठरवण्याआधी. त्याला दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

एक उदाहरण घेऊ. सांगलीत घरी गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि लोणची करणाऱ्या एका बाईंना ॲमेझॉनवर आणि स्वतःच्या संकेतस्थळावर विक्री करायची आहे. त्यांच्यासमोर चार नावं आहेत: ‘अस्सल गोडा मसाला’, ‘सांगली मसाले’, स्वतःच्या आडनावावरून एक, आणि चूल व अंगण जोडून केलेलं ‘चुलांगण’. हे शेवटचं नाव मी केवळ समजावण्यासाठी घेतलं आहे.

नाव जितकं सांगतं तितकं ते कमजोर

दुकानदाराचा पहिला कल असतो तो नावातच माल सांगून टाकण्याकडे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ याच्या उलट बाजूनं विचार करतो. मालाचा प्रकार, दर्जा किंवा गाव एवढंच सांगणारं नाव एकाच्या मालकीचं करता येत नाही, कारण ते शब्द सगळ्याच मसालेवाल्यांना लागतात. कायद्याचं कलम ९ अशा अर्जांना अडवतं. म्हणून ‘अस्सल गोडा मसाला’ आणि ‘सांगली मसाले’ ही नावं वापरता आली, तरी उद्या शेजारच्यानं तीच लावली तर त्याला थांबवणं फार अवघड जाईल. दीर्घ वापरानं असं नाव एखाद्याचंच म्हणून ओळखलं जाऊ शकतं, पण ते सिद्ध करायला वर्षानुवर्षांचा धंदा आणि कागद लागतात.

गावाच्या नावात आणखी एक अडचण असते. ‘पैठणी’ किंवा ‘कोल्हापुरी चप्पल’ यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथल्या ठरलेल्या भागात आणि पद्धतीनं न झालेला माल त्या नावानं विकला तर तक्रार त्या भागातल्या उत्पादकांकडून येऊ शकते.

आडनावाचा प्रामाणिक वापर करायला कायदा मुभा देतो. मात्र तेच आडनाव लावून कुणी आधीपासून मसाले विकत असेल तर वाद अटळ असतो, आणि आपल्याकडची आडनावं हजारो घरांत वाटलेली आहेत. उरतं ‘चुलांगण’. ते स्वयंपाकघराकडे बोट दाखवतं, पण मसाल्याचं वर्णन करत नाही. नोंदणीच्या दृष्टीनं चारही नावांत तेच भक्कम आहे. आता ते मोकळं आहे का, हे पाहायचं.

शोध कानानं घ्यायचा

पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध मोफत आहे. तिथे नावाबरोबर वर्ग क्रमांक द्यावा लागतो. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची वर्ग २९ मध्ये, आणि इतरांचाही माल ठेवणारं दुकान ही सेवा वर्ग ३५ मध्ये. आपल्या बाईंना तिन्ही वर्गांत वेगवेगळा शोध घ्यावा लागेल. एकाच वर्गात पाहून ‘काही सापडलं नाही’ म्हणणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण मसाला आणि लोणचं एकाच फळीवर विकलं जातं आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ वर्ग क्रमांक पाहून होत नाही.

शोधाचे मुख्य प्रकार दोन. Wordmark या प्रकारात अक्षरं जुळवली जातात, तर Phonetic मध्ये उच्चार. बहुतेक लोक Wordmark मध्ये पूर्ण नाव टाकतात, शून्य निकाल पाहतात आणि थांबतात. मराठी नावांच्या बाबतीत हे विशेष धोक्याचं आहे, कारण रोमन लिपीत एकच नाव पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. Chulangan, Chulaangan, Choolangan, Chulangana ही सगळी टाकून पाहायला हवीत. त्यानंतर Contains हा पर्याय निवडून नुसतं Angan आणि Aangan पाहायचं. खाद्यपदार्थांत ‘आंगन’ असलेली अनेक नावं अनेक मालकांची निघाली, तर तो भाग कुणा एकाचा नाही असा अंदाज बांधता येतो. पण एकाच मालकाची अशी नावांची मालिका निघाली, तर सावध व्हावं.

उच्चाराला एवढं महत्त्व का, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ सालच्या ‘अमृतधारा’ निकालातून कळतं. ‘अमृतधारा’ या औषधाच्या मालकांनी ‘लक्ष्मणधारा’ या नावाला हरकत घेतली होती. दोन्ही शब्द शेजारी ठेवून तोडून पाहिले तर वेगळे आहेत. न्यायालयानं मात्र गिऱ्हाईक असं शब्द तोडत बसत नाही, त्याला नाव पुसटसं आठवत असतं, या बाजूनं विचार केला आणि दोन्ही नावं एकूण फसगत होईल इतकी सारखी ठरवली. तरीही त्या प्रकरणातल्या खास परिस्थितीमुळे ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. आजच्या ऑनलाइन दुकानाला राज्याची हद्द नसते, त्यामुळे अशा तडजोडीची आशा धरण्यात अर्थ नाही. शोधाच्या वेळी कसोटी हीच ठेवावी: फोनवर नाव ऐकलेला माणूस घोटाळेल का?

निकालांत नावासमोर त्याची स्थिती दिसते आणि ती नीट वाचावी लागते. Registered म्हणजे नोंदलेलं, हे उघड आहे. Objected हा शब्द पाहून मात्र अनेकांना अर्ज बाद झाला असं वाटतं. तपासनिसानं शंका काढली आहे, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर पटलं तर तेच नाव पुढे नोंदलं जातं, आणि आपल्या अर्जाला आडवंही येतं. Abandoned म्हणजे अर्ज सोडून दिलेला. पण अर्ज सुटला म्हणून धंदा सुटला असं नाही. भारतात नोंदणी नसतानाही आधीपासून वापरात असलेल्या नावाला न्यायालय संरक्षण देतं. म्हणून शेवटी गूगल, इन्स्टाग्राम आणि खुद्द ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर तेच नाव, त्याच तऱ्हतऱ्हेच्या स्पेलिंगांनी शोधायचं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जीएसटी, अन्नसुरक्षा परवाना किंवा विकत घेतलेलं डोमेन, यांपैकी कशानंही नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. ‘सिफी’ या कंपनीच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं, वापरातून ओळख मिळवलेल्या डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, असं स्पष्ट केलं. ‘सिफीनेट’ असाच उच्चार होणारं, फक्त एक ‘f’ जास्त असलेलं siffynet हे नाव दुसऱ्या कंपनीनं रीतसर नोंदवलेलं होतं. तरी तिला ते वापरण्यास मनाई झाली.

बाजारपेठेचे स्वतःचे नियम

ऑनलाइन बाजारपेठेत एका विक्रेत्याची दोन नावं असतात. दुकानाचं नाव म्हणजे विकणारा कोण ते, आणि ब्रँड म्हणजे डब्यावर छापलेलं नाव. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ॲमेझॉनवर दुकानाच्या नावात दुसऱ्याचा ट्रेडमार्क चालत नाही, आणि .com सारखी शेपटीही चालत नाही. परदेशी गिऱ्हाइकांसाठी हस्तकला विकणारे ज्या एट्सीवर जातात, तिथे दुकानाचं नाव ४ ते २० अक्षरांत, मध्ये जागा न सोडता बसवावं लागतं. शिवाय ट्रेडमार्क देशापुरता असतो. अमेरिकेत माल पाठवायचा तर तिथल्या नोंदवहीतही शोध घ्यायला हवा.

ब्रँडच्या बाबतीत ॲमेझॉनची ब्रँड रजिस्ट्री महत्त्वाची. तिथे भारतातल्या प्रलंबित अर्जाचा क्रमांकही चालतो, पण अर्जातलं नाव आणि मालावर छापलेलं नाव जुळावं लागतं, आणि त्याचा फोटो द्यावा लागतो. मराठी विक्रेते इथेच अडकतात. अर्ज Chulangan या शब्दाचा, डब्यावर फक्त देवनागरीत ‘चुलांगण’, आणि उत्पादनाच्या माहितीत Chulangan Masale, अशी तीन रूपं झाली की नोंदणी अडते. लेबलावर देवनागरी मोठ्या अक्षरांत खुशाल असावी, पण अर्जातलं रोमन रूप जसंच्या तसं त्याच लेबलावर असू द्यावं.

अर्ज TM-A या नमुन्यात ऑनलाइन करता येतो. एका व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५०० रुपये लागतात, म्हणजे मसाला आणि लोणच्यासाठी ९,०००. तपासनिसाची हरकत आली तर उत्तराला एक महिना मिळतो. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं गेलं की चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे TM लिहावं. वर्तुळातला R त्याआधी लावणं कायद्याविरुद्ध आहे.

तक्रार आलीच तर

बाजारपेठ न्यायनिवाडा करत बसत नाही. तक्रार कळल्यावरही माल तसाच ठेवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मिळणारं कवच तिला गमवावं लागू शकतं, म्हणून ती आधी माल काढते. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे ईमेलमधला ट्रेडमार्क क्रमांक ipindia.gov.in वर तपासायचा: मालक कोण, वर्ग कोणता, नोंदणी चालू आहे का आणि वापर कधीपासूनचा सांगितला आहे. तक्रार खरी असेल तर नाव बदलणंच स्वस्त पडतं. ती चुकीची वाटत असेल, तर तक्रारदाराला पुराव्यासह लेखी उत्तर द्यावं. त्यानं बाजारपेठेला तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं की माल परत येण्याचा मार्ग सर्वांत सरळ होतो. दुसऱ्या ईमेलवरून नवं खातं उघडून तोच माल चढवणं हा मात्र सगळं गमावण्याचा रस्ता आहे. दोन्ही खाती जोडलेली आहेत हे कळलं की दोन्ही बंद होऊ शकतात.

उत्तराचं वजन पुराव्यावर ठरतं. समोरच्यानं नोंदणी आणि वापर सुरू करण्याआधीपासून आपण तेच नाव सलग वापरत असू, तर कलम ३४ आपल्या बाजूनं उभं राहतं. त्यामुळे ‘चुलांगण’चं पहिलं बिल, लेबल छापणाऱ्याची पावती, प्रदर्शनातल्या गाळ्याचा फोटो आणि जाहिरातीचा खर्च, हे सगळं तारखेसह एका फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवावं. अर्जात वापराची तारीख सांगायची असेल तर हेच कागद प्रतिज्ञापत्रासोबत जोडावे लागतात. लेबल छापायला टाकण्याआधी शोधाच्या निकालपानांच्या प्रतीही त्याच फाइलमध्ये जाऊ द्याव्यात. नाव प्रामाणिकपणे निवडलं होतं, हे दाखवायला उद्या त्यांचाच आधार होतो.