शुगर-फ्री गोळ्या आणि पोटातली गुडगुड

परवा शेजारचे काका म्हणाले, "साखर सोडली, तर पोटच बिघडलं!" खिशात शुगर-फ्री पेपरमिंटचं पाकीट होतं. दिवसभरात आठ-दहा गोळ्या सहज जायच्या.

पाकिटावर बारीक अक्षरात सॉर्बिटॉल, म्हणजे INS 420. अशा एका गोळीत ते दीड-दोन ग्रॅम असू शकतं.

लहान आतडं सॉर्बिटॉल फार सावकाश शोषतं. उरलेलं आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून जुलाब. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, म्हणून गॅस. दहा ग्रॅमलाच अनेकांचं पोट फुगतं, वीसच्या पुढे बऱ्याच जणांना पातळ होते.

काका वर सफरचंदाचा रसही प्यायचे, 'पौष्टिक' म्हणून! त्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज बरंच जास्त, शिवाय थोडं सॉर्बिटॉल. सोबत ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज चांगलं शोषलं जातं, म्हणून संत्र्याचा रस अनेकांना सोसतो. मधुमेहींनी मात्र कुठलाही रस जपूनच प्यावा.

पंधरवडाभर दोन्ही बंद करून बघा. पोट शांत झालं तर एकेक परत सुरू करा, गुन्हेगार सापडेल. रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा रात्री जुलाबाने जाग येत असेल तर थेट डॉक्टरांकडे.

तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय? कमेंटमध्ये सांगा.