ग्राफाइटमधील लिथियमचे टप्पेवार अंतर्वेशन

ग्राफाइटच्या कार्बन-थरांमधील फटींत लिथियमचे अणू शिरण्याच्या क्रियेला अंतर्वेशन म्हणतात. लिथियम-आयन विद्युत् घट प्रभारित होताना त्याच्या ग्राफाइटच्या विद्युत् अग्रात ही क्रिया घडते. लिथियम सर्व फटींत सारखे पसरत नाही. काही फटी भरतात, तर काही ठरावीक अंतराने रिकाम्या राहतात. या मांडणीला ‘टप्पा’ म्हणतात. लगतच्या दोन भरलेल्या फटींमध्ये जितके कार्बन-थर असतात, तितका टप्प्याचा क्रमांक असतो. त्यामुळे लिथियम वाढते तसा हा क्रमांक उतरत जातो. दुसऱ्या टप्प्यात (LiC₁₂) एक फट भरलेली व एक रिकामी असते, तर पहिल्या टप्प्यात (LiC₆) प्रत्येक फट भरलेली असते.

== कारण ==
फट उघडण्यास ऊर्जा लागते. लिथियम शिरल्यावर थरांमधील अंतर सुमारे ३.३५ अँगस्ट्रॉमवरून ३.७० अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. म्हणून नवी फट उघडण्यापेक्षा उघडलेली फट भरणे सोयीचे ठरते. मात्र शेजारच्या भरलेल्या फटींतील लिथियम परस्परांना प्रतिकर्षित करते. त्यामुळे भरलेल्या फटी एकमेकींपासून दूर राहतात.

== विद्युत् दाबाची पठारे ==
प्रभारण अतिशय सावकाश केल्यास लिथियम धातूच्या सापेक्ष मोजलेला विद्युत् दाब एकसारखा उतरत नाही. सुमारे ०.२१, ०.१२ आणि ०.०८५ व्होल्टला आलेखात जवळजवळ सपाट भाग, म्हणजे पठारे, दिसतात. दोन प्रावस्था समतोलात एकत्र असताना दोहोंतील लिथियमचे रासायनिक वर्चस् समान असते. अशा वेळी स्थिर तापमान व दाबाला गिब्झच्या प्रावस्था नियमानुसार विद्युत् दाब बदलू शकत नाही. बदलते ते केवळ दोन प्रावस्थांचे प्रमाण. याउलट आलेखाचा उतरता भाग एकाच प्रावस्थेची घडण बदलत असल्याचे दर्शवतो.

उदाहरणार्थ, एखाद्या अग्राची सरासरी घडण Li₀.₇₅C₆ आहे असे मानू. LiC₁₂ म्हणजे Li₀.₅C₆. ०.७५ ही संख्या ०.५ व १ यांच्या बरोबर मध्ये येते. म्हणून निम्मा कार्बन दुसऱ्या टप्प्यात व निम्मा पहिल्या टप्प्यात असतो. Li₀.₇₅C₆ अशी वेगळी प्रावस्था तेथे नसते. घडण ०.६ किंवा ०.९ असली, तरी विद्युत् दाब सुमारे ०.०८५ व्होल्टच राहतो. म्हणजे विद्युत् दाबावरून कोणत्या प्रावस्था आहेत ते कळते. त्या किती आहेत हे समजण्यासाठी वाहिलेला विद्युत् प्रभार मोजावा लागतो. हे सहअस्तित्व डोळ्यांनाही दिसते : दुसरा टप्पा तांबूस, तर पहिला सोनेरी दिसतो.

== मर्यादा ==
जलद प्रभारणात पठारे तिरकी व अस्पष्ट होतात, कारण कणाच्या पृष्ठभागावर लिथियम अधिक आणि आत कमी असते. शेवटचे पठार शून्य व्होल्टच्या अगदी जवळ असल्याने अशा वेळी अग्राचा विद्युत् दाब शून्याखाली जाऊन लिथियम ग्राफाइटमध्ये न शिरता पृष्ठभागावर धातुरूपात साचू शकते. पठारावरून प्रावस्थांची संरचनाही कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाची जोड लागते.