मुलाखतीची वेळ बदलून मागणारा ईमेल

दापोडीत राहून नाशिक फाट्यामार्गे चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जाणाऱ्या गुणवत्ता अभियंत्याची मुलाखत मंगळवारी ११ वाजता ठरली असून त्याच दिवशी ‘पीपॅप’ सादर करायचा आहे, असे समजू. पीपॅप म्हणजे नव्या भागाचे नियमित उत्पादन सुरू होण्यापूर्वी वाहन कंपनीला द्यावयाचा मोजमापे व चाचण्यांसह मंजुरीचा संच. तो रखडल्यास पुढील पुरवठा अडतो, म्हणून ही मुदत सहसा हलत नाही.

अशा वेळी मुलाखतीच्या मूळ ईमेललाच, वैयक्तिक खात्यावरून, उत्तर द्यावे. कार्यालयीन ईमेल कंपनीला पाहता येत असल्याने तो वापरू नये. मजकूर इतकाच पुरे:

‘मंगळवारी ११ वाजताच्या मुलाखतीच्या दिवशीच सध्याच्या कामातील पूर्वनियोजित मुदत असल्याने उपस्थित राहणे शक्य नाही. बुधवारी सायंकाळी ५ नंतर किंवा गुरुवारी सकाळी १० पूर्वी वेळ मिळाल्यास आभारी राहीन. या पदाबाबत उत्सुकता कायम आहे.’

येथे ग्राहकाचे नाव किंवा भागाचा तपशील दिलेला नाही, कारण ती माहिती गोपनीय असते आणि ती उघड करणारा उमेदवार उद्या नव्या कंपनीचीही गुपिते फोडील, अशी शंका येते. ‘कधीही चालेल’ असे लिहिल्यास भरती अधिकाऱ्याला मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाची सवड नव्याने जुळवावी लागते. दोन नेमके पर्याय दिल्यास ते काम सोपे होते. मुलाखतीस एक दिवसाहून कमी अवधी उरला असल्यास ईमेलसोबत फोनही करावा, आणि लेखी होकार येईपर्यंत वेळ बदलली असे गृहीत धरू नये.