उधारी आणि उचल : क्रेडिट कार्डावर रोख काढताना

मागच्या व्याख्यानात आपण क्रेडिट कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ पाहिली. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की कार्डावर चाळीस-पन्नास दिवस व्याज लागत नाही असं सांगतात, मग एटीएममधून रोख काढली की लगेच कसं लागतं? कार्ड तेच, बँक तीच, पैसेही तेवढेच. आज एवढा एकच प्रश्न घेऊ.

आपल्या भाषेत याचं निम्मं उत्तर आधीच आहे. वाण्याकडे असते ती उधारी. माल घ्यायचा, वहीत लिहायचं आणि महिनाअखेर चुकतं करायचं. त्यावर वाणी व्याज लावत नाही. सावकाराकडून रोकड घेतली तर ते कर्ज, आणि त्याचं व्याज हातात नोट पडल्या क्षणापासून चालू. क्रेडिट कार्डाच्या एकाच तुकड्यात हे दोन्ही व्यवहार कोंबलेले आहेत. दुकानात स्वाइप केलं की उधारी, एटीएममध्ये घातलं की कर्ज. दुसऱ्या व्यवहाराला बँका ‘कॅश अॅडव्हान्स’ म्हणतात. आपण त्याला ‘उचल’ म्हणू.

आता, उधारीवर बँक व्याज का घेत नाही? बँक उदार आहे म्हणून नव्हे. आपण दुकानात कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून काही टक्के कापले जातात, आणि त्या कपातीचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. म्हणजे आपल्या ‘मोफत’ दिवसांचं भाडं दुकानदार भरत असतो. एटीएमच्या व्यवहारात दुकानदारच नाही. उलट यंत्र दुसऱ्या बँकेचं असेल तर आपल्या बँकेलाच त्या बँकेला वापराचा आकार द्यावा लागतो. शिवाय हाताशी पैसे नाहीत म्हणून रोख काढणारा माणूस बँकेच्या हिशेबात जास्त जोखमीचा. तेव्हा भाडं भरणारा एकच उरतो, तो म्हणजे आपण. हे न्याय्य आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. पण त्यामागे कारण आहे, लहर नाही.

आता एक उदाहरण सावकाश करू. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंच्या वडिलांना रात्री रुग्णालयात दाखल करावं लागलं. अनामत वीस हजार. घाबरलेल्या माणसाला काउंटरवर ‘कार्ड चालतं का’ हे विचारायचं सुचत नाही. बाई कोपऱ्यावरच्या एटीएमवर जातात आणि ६ जूनला क्रेडिट कार्डावर ₹२०,००० काढतात. त्यांचं बिल दर महिन्याच्या २० तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १०. अटी आपल्याकडे नेहमी दिसतात तशाच धरू : उचलीवर अडीच टक्के शुल्क, पण किमान ₹५००, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, आणि शुल्क व व्याज दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

शुल्क त्याच दिवशी खात्यावर पडलं : ₹५००, त्यावर कर ₹९०. व्याज रोज सुमारे ₹२३. बिल निघेपर्यंत चौदा दिवसांचे ₹३२२, त्यावर कर ₹५८. म्हणून २० जूनचं बिल आलं ₹२०,९७० चं. बाईंनी ते १० जुलैला, मुदतीत, पै न् पै भरलं. आपल्या मते प्रकरण मिटलं. पण पुढच्या बिलात पुन्हा सुमारे ₹५४३ येतात, आणि बाई बँकेशी भांडायला निघतात.

हे ₹५४३ कुठून आले? बिलात व्याज २० जूनपर्यंतचंच धरलं होतं. पैसे भरले १० जुलैला. मधले वीस दिवस वीस हजार बँकेचेच होते, त्याचं व्याज आणि त्यावरचा कर. बँकेनं फसवलेलं नाही. बिल हा त्या दिवसापुरता काढलेला फोटो आहे, आणि व्याज फोटोनंतरही चालत राहतं. चौतीस दिवसांचा एकूण खर्च झाला सुमारे ₹१,५१३. आणि आधीची बाकी नसताना त्यांनी तेच कार्ड रुग्णालयाच्या काउंटरवर स्वाइप केलं असतं तर? १० जुलैला फक्त ₹२०,०००. कारण तेच, रुग्णालय तेच.

सभागृहातून एक प्रश्न आला होता : मग लगेच भरून टाकलं तर? भरता येतं, बिलाची वाट पाहायची गरज नाही. बाईंनी ११ जूनला पैसे भरले असते तर व्याज आणि त्यावरचा कर मिळून साधारण ₹१३६ झाले असते. घाईनं व्याज वाचतं. पण ₹५९० चं शुल्क पहिल्याच मिनिटाला लागलेलं असतं आणि ते घाईनं कमी होत नाही. म्हणून ‘वर्षाला ४२ टक्के’ हा आकडा ऐकून दचकणारा माणूस चुकीच्या ठिकाणी दचकतो, असं आम्हाला वाटतं. थोड्या दिवसांच्या उचलीत खरा भार शुल्काचा. त्यात ते ‘किमान ₹५००’ आहे ना, ते लहान रकमेला फार लागतं. कोणी ₹२,००० काढले तर करासह ₹५९०, म्हणजे साडेएकोणतीस टक्के पहिल्याच दिवशी गेले. गरजू माणूस सहसा थोडीच रक्कम काढतो, आणि टक्केवारीत सर्वांत महाग तीच पडते.

‘लगेच भरू’ यात आणखी एक खाच आहे. आपण भरलेले पैसे कुठे वळते करायचे ते बँक ठरवते, आणि तो क्रम अटींच्या कागदावर छापलेला असतो. काही बँकांच्या क्रमात शुल्क, व्याज, मग खरेदी आणि सर्वांत शेवटी रोख उचल. समजा, आधीच्या बिलातले खरेदीचे ₹८,००० देणं बाकी आहे आणि आपण ‘उचल फेडली’ म्हणून ₹२०,००० भरले. त्यातले आठ हजार खरेदीकडे जातात, आणि उचलीतले निदान आठ हजार तसेच राहून व्याज ओढत बसतात. म्हणून उचल थांबवायची तर कार्डावरची सगळी बाकी शून्य करावी लागते, नुसती उचलीएवढी रक्कम पुरत नाही.

ओळखायचं कसं? बिलात Cash Advance Fee आणि Finance Charges अशा ओळी शोधा. पहिली दिसली आणि आपण कधी एटीएमवर गेलोच नाही असं वाटत असेल, तर कुठला व्यवहार बँकेनं रोख धरला ते विचारा. एकूण मर्यादेशेजारी रोखीची वेगळी, लहान मर्यादाही लिहिलेली असते. ती वाचून पुष्कळांना वाटतं, की हे आपले शिल्लक पैसे आहेत. ती आपली शिल्लक नव्हे, बँक जास्तीत जास्त किती कर्ज रोखीनं देईल एवढंच ते सांगतं.

पर्याय प्रत्येकाकडे असतोच असं नाही. पण ज्यांची मुदत ठेव आहे, त्यांना तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. त्याचं व्याज ठेवीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त. मात्र ही सोय आधी करून ठेवावी लागते. रात्री अकराला रुग्णालयाच्या दारात ती होईलच असं नाही. तिथे पहिला प्रश्न काउंटरवरच विचारायचा : ‘कार्ड घेता का?’